‘तो माझ्याकडे बघतच नव्हता’: पहिल्या भेटीतल्या देहबोलीचं एक प्रकरण

मी नाशिकमध्ये विवाहपूर्व समुपदेशन करते. इथे मांडलेलं प्रकरण दोघांच्याही परवानगीने लिहिलं आहे. नावं बदलली आहेत, नोकरी आणि गावाचे तपशील ओळख पटणार नाही इतपत सैल ठेवले आहेत. भेटीत काय घडलं, कोण काय बोललं आणि आम्ही काय ठरवलं, ते मात्र जसंच्या तसं आहे.

पार्श्वभूमी

मुग्धा 28 वर्षांची. एका बँकेच्या शाखेत ग्राहकांच्या काउंटरवर काम करते, राहते इंदिरानगरला. समीर 31 वर्षांचा. अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. घरची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात, आईवडील आणि धाकटा भाऊ तिकडेच. स्थळ मुग्धाच्या मावशीने आणलेलं. पत्रिका, फोटो, दोन्ही घरांचं फोनवर बोलणं असं सगळं रीतसर झालं होतं. घरी पोह्यांचा कार्यक्रम करण्याआधी दोघांनी बाहेर एकदा भेटावं, असं मुग्धाने सुचवलं आणि घरच्यांनी ते मान्य केलं.

भेट ठरली फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेनऊला, शहराबाहेरच्या एका मिसळीच्या ठिकाणी. नाशिककरांना वेगळं सांगायला नको: पत्र्याची शेड, बाजूला झाडं, मुलांसाठी झोपाळे, रविवारची गर्दी, नंबर लावून टेबल मिळणं. समीरनेच जागा सुचवली होती, कारण तिथून त्याला पुढे गावी जायला सोपं होतं. हा तपशील मुग्धाने पहिल्यांदा सांगितला तेव्हा मी नुसती मान डोलावून पुढे गेले. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

भेट साधारण सव्वा तास चालली. दुपारी एकच्या सुमारास मावशीचा फोन आला, “काय कळवायचं त्यांना?” मुग्धा म्हणाली, “नाही म्हण. तो मनाने आलाच नव्हता.” मावशी म्हणाली, “एवढ्यात काय कळतं तुला?” त्यावर मुग्धाने तिला व्हॉट्सअ‍ॅपवर नऊ मुद्द्यांची यादी पाठवली. बुधवारी माझ्याकडे आली ती हीच यादी घेऊन. नकाराचा निर्णय झालेला होता. तो बरोबर आहे एवढं माझ्याकडून वदवून घ्यायचं होतं, कारण घरात सगळे तिच्यावर चिडले होते.

यादी

यादी अशी होती. आला तेव्हा डोळ्यांत बघून नमस्कार केला, नंतर जवळजवळ बघितलंच नाही. बोलताना सारखा डावीकडे, पार्किंगकडे बघत होता. हाताची घडी घालून बसला. फोन टेबलावर उलटा ठेवला होता, पण सात-आठ वेळा उचलून बघितला. सारखं नाक आणि डोळे पुसत होता. मध्येच खुर्ची मागे सरकवली. पाय हलत होता. हसला तेव्हा नुसते ओठ हसले. आणि ‘लग्नानंतर कुठे राहायचं’ हा विषय निघाला की आवाज खाली जायचा, पावाचा तुकडा बोटांनी कुस्करत बसायचा.

ही निरीक्षणं खोटी नव्हती. मुग्धाची नजर तीक्ष्ण आहे. बँकेत समोरचा माणूस सही करताना अडखळला तरी तिला कळतं. पण ती त्या टेबलावर बसली होती ती एक चाळणी हातात घेऊनच. आदल्या रात्री मावसभावाने तिला एक व्हिडिओ पाठवला होता. मुलाला खरंच रस आहे का हे ओळखण्याच्या दहा खुणा त्यात होत्या, आणि सुरुवातीलाच म्हटलं होतं की माणूस जे सांगतो त्यातलं 93 टक्के देहबोली आणि आवाजातून येतं, शब्दांतून फक्त 7 टक्के.

हा आकडा इतका फिरतो की त्याचं मूळ तिला सांगावं लागलं. 1967 साली अमेरिकेत अल्बर्ट मेहराबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन छोटे प्रयोग केले. लोकांना एकेकटे शब्द वेगवेगळ्या आवाजांत ऐकवले, आणि दुसऱ्या प्रयोगात आवाजासोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले. प्रश्न एवढाच होता की शब्द, आवाज आणि चेहरा एकमेकांशी जुळत नसतील, तर बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही हे लोक कशावरून ठरवतात? सव्वा तासाच्या गप्पांतला अर्थ त्यांनी मोजलाच नव्हता. आपला आकडा सगळ्या संवादाला लावू नये, असं मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केलं आहे. दुसऱ्या प्रयोगात शब्द वापरला होता ‘मे बी’, म्हणजे आपल्याकडचं ‘बघू’. हे मी तिला सहज सांगितलं. पुढे याच शब्दावर आम्हाला थांबावं लागणार आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

अडचण नेमकी कुठे होती

मुग्धाचा प्रश्न होता, “त्याला माझ्यात रस नव्हता, हे मी बरोबर ओळखलं ना?” मला मात्र यादीत वेगळंच दिसत होतं. नऊच्या नऊ मुद्द्यांना तिने एकच अर्थ लावला होता. हाताची घडी म्हणजे रस नाही, फोन म्हणजे रस नाही, नाक पुसणं म्हणजेही रस नाही. एकदा पहिल्या पाच मिनिटांत मत बनलं की पुढची प्रत्येक हालचाल त्याच मताच्या पिशवीत पडते. रस असल्याची एकही खूण यादीत नव्हती. तसं काहीच नव्हतं का, असं विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “माझी ताक घ्यायची सवय त्याने लक्षात ठेवली होती. फोनवर एकदाच बोलले होते मी. त्याने न विचारता मागवलं.” ही गोष्ट यादीत आलीच नव्हती.

आणखी एक गोष्ट. मुग्धा दिवसभर ग्राहकांच्या डोळ्यांत बघून बोलते, मान डोलावते, हसते. तिला तसं प्रशिक्षणच दिलेलं आहे. तिच्या मोजपट्टीवर साधारण माणूस नेहमीच ‘डोळे चुकवणारा’ ठरणार. समीर दिवसभर गेज आणि मोजमापाच्या कागदांकडे बघतो. कोण किती बघतं याची तुलना करायची तर त्या माणसाच्या नेहमीच्या बघण्याशी करायला हवी, आणि ते तर पहिल्या भेटीत माहीतच नसतं. पहिल्या भेटीतली मोठी मर्यादा हीच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नकार कायम ठेवण्याचा. त्यात गैर काही नाही. स्थळ नाकारायला पुरावा लागत नाही, मन लागत नसेल तर तेवढं पुरेसं आहे. हे मी तिला आधीच स्पष्ट सांगितलं, नाहीतर समुपदेशक घरच्यांच्या बाजूने बोलतेय असं तिला वाटलं असतं.

दुसरा पर्याय मावशीमार्फत विचारण्याचा: “मुलाला खरंच इच्छा आहे का?” आपल्याकडे हाच रस्ता सगळ्यात रुळलेला. पण त्यात प्रश्न तीन तोंडांतून जातो आणि उत्तर तीन तोंडांतून परत येतं. ‘मुलीला शंका आहे’ असं तिकडे पोचलं असतं, तर समीरचे आईवडील दुखावले असते आणि तो जास्तच आखडला असता.

तिसरा, त्याचं इन्स्टाग्राम आणि मित्रमंडळी तपासण्याचा. हा मुग्धाने आधीच अर्धा उरकला होता. त्यातून एवढंच हाती लागलं की तो फोटो फारसे टाकत नाही.

चौथा, त्याला सरळ विचारायचं किंवा जागा बदलून पुन्हा एकदा भेटायचं. याला ती सुरुवातीला तयार नव्हती. “पुन्हा तेच बघायला जाऊ का?” असं म्हणाली. त्यामुळे आधी यादीच नीट उलगडू, मग ठरव, इतकंच आम्ही त्या दिवशी ठरवलं.

यादी उलगडताना

मी तिला कोऱ्या कागदावर मध्ये रेघ मारायला सांगितली. डावीकडे फक्त ते लिहायचं जे शेडच्या खांबावरच्या कॅमेऱ्याला दिसलं असतं. उजवीकडे आपण लावलेला अर्थ. ‘अस्वस्थ होता’ हे डावीकडे चालत नाही, कॅमेऱ्याला अस्वस्थपणा दिसत नाही, पाय हलताना दिसतो. ‘टाळत होता’ चालत नाही, मान वळलेली चालते. हे वाटतं सोपं, पण यात वीस मिनिटं गेली.

मग प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न: त्या क्षणी कोण बोलत होतं आणि कशाबद्दल?

नजरेच्या बाबतीत याच प्रश्नाने बरंच उलगडलं. तो पार्किंगकडे बघायचा तेव्हा बोलत कोण होतं? मुग्धाने आठवून सांगितलं, “तोच. कामाबद्दल सांगताना, बागेबद्दल सांगताना.” आणि तू बोलत असताना? “प्लेटकडे बघायचा... नाही, मग वर बघायचा. बघत होता तसा.” हे अगदी नेहमीचं आहे. 1960 आणि 70च्या दशकांत ब्रिटनमध्ये अ‍ॅडम केंडन, मायकेल अर्गाइल यांनी दोन माणसांच्या गप्पांमधली नजर मोजली होती. ऐकणारा साधारण तीन चतुर्थांश वेळ समोरच्याकडे बघतो, बोलणारा मात्र साधारण 40 टक्केच. बोलायला सुरुवात करताना माणूस नजर बाजूला नेतो, वाक्य जुळवतो, आणि संपत आलं की परत समोर आणतो, जणू ‘आता तू’. दोघांची नजर एकाच वेळी भिडलेली असते ती एकूण वेळेच्या जेमतेम एक तृतीयांश. हे आकडे इंग्लंडच्या प्रयोगशाळेतले, नाशिकच्या मिसळीच्या टेबलाला जसेच्या तसे लावू नयेत. आपल्याकडे तर परक्या मुलीकडे टक लावून बघू नये हेही घरातून शिकवलेलं असतं. पण बोलणारा कमी बघतो आणि ऐकणारा जास्त, हा आकार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कोणी ऐकतानाही बघत नसेल, तर ती वेगळी गोष्ट.

मुग्धाने विचारलं, “पण डोळे चुकवणारा खोटं बोलतो ना?” जगभर हीच समजूत आहे. प्रत्यक्षात खोटं बोलणं आणि नजर चुकवणं यांचा भरवशाचा संबंध संशोधनात सापडलेला नाही. 2006 साली चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी अशा शेकडो अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा खरं-खोटं नुसतं बघून ओळखण्यात लोक 100 पैकी सरासरी 54 वेळा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तर 50 आले असते.

बाकीच्या ओळी भराभर सुटल्या. हाताची घडी पहिल्या दहा मिनिटांत होती, फेब्रुवारीच्या सकाळी, उघड्या शेडमध्ये. चहा आल्यावर सुटली. नाक-डोळे पुसणं काळ्या मसाल्याचा रस्सा पुढे आल्यावर सुरू झालं. तिने स्वतःही पुसले होते का? “हो की,” म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. खुर्ची मागे सरकवली तेव्हा वेटर मधून जात होता. पाय हलणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच होतं, म्हणजे बहुधा सवय. जी हालचाल कोणत्याही विषयावर बदलत नाही, ती त्या विषयाबद्दल काहीच सांगत नाही.

‘नुसते ओठ हसले’ यावर आम्ही थांबलो नाही. मनापासून हसताना डोळ्यांभोवती सुरकुत्या पडतात हे खरं, पण अनोळखी माणसासमोर सगळेच थोडं रीतीचं हसतात, आणि डोळ्यांची सुरकुती पाडूनही हसता येतं.

उरल्या दोन ओळी. फोन आणि पाव.

फोन कधी उचलला, हे तिला तितकं नीट आठवत नव्हतं. पण पाव स्पष्ट आठवत होता. तीन वेळा. पहिल्यांदा तिने विचारलं, “लग्नानंतर इथेच फ्लॅट घेणार ना?” दुसऱ्यांदा, “माझी बदली झाली तर?” तिसऱ्यांदा, “गावाकडे किती जाणं होतं तुमचं?” तीनही वेळा त्याने खाणं थांबवलं, पावाचा तुकडा तोडून बोटांत फिरवत राहिला, आवाज खाली गेला आणि उत्तर एकच: “बघू.” एरवी तो कामाबद्दल पाच-पाच मिनिटं बोलत होता. निघताना ताटाच्या कडेला पावाच्या तीन-चार घट्ट गोळ्या पडलेल्या होत्या, एखाद्या लहान मुलाने करून ठेवाव्यात तशा. मुग्धा म्हणाली, “त्या गोळ्या बघूनच मला वाटलं होतं, नको बाई.”

हे मात्र सोडून देण्यासारखं नव्हतं. एक तर एकाच विषयावर, तीनदा. दुसरं, हात, आवाज, खाणं आणि शब्द चारही एकदम बदलत होते. तिसरं, हा बदल त्याच्याच मिनिटभरापूर्वीच्या वागण्याशी ताडून दिसत होता, मुग्धाच्या बँकेतल्या मोजपट्टीशी नाही. पण यावरून कळलं काय? एवढंच की राहण्याच्या विषयाजवळ काहीतरी अडकलं आहे. काय अडकलं आहे ते कळलं नव्हतं. मुग्धाने त्याचा अर्थ ‘मी नको आहे’ असा लावला. तितक्याच सहज तो ‘दुसरीकडे जीव गुंतला आहे’, ‘पैसे नाहीत’ किंवा ‘आईला आवडणार नाही’ असाही लावता आला असता. देहबोलीने बोट ठेवलं होतं ते जागेवर, कारणावर नाही. कारण विचारायलाच हवं होतं.

माझी चूक

इथे माझी एक चूक सांगायला हवी. बसण्याची जागा विचारताना कळलं की मुग्धाची पाठ पूर्वेकडे होती आणि समीरच्या तोंडावर सकाळचं ऊन येत होतं. मला हे कारण फार पटलं. मी तिला जवळजवळ खात्रीने म्हणाले, “ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून तो बाजूला बघत होता.” तिचा चेहरा एकदम सैल झाला.

नंतर समीरशी बोलणं झालं तेव्हा कळलं, ऊन त्याच्या लक्षातही नव्हतं. कठीण प्रश्न आला की तो समोरच्या चेहऱ्यावरून नजर काढतो, शाळेपासून. हेही सर्वसाधारण आहे, डोकं लढवताना माणसं नजर हटवतात, मुलं तर हमखास. म्हणजे मुग्धाने वाईट अर्थ लावला होता आणि मी चांगला, पण दोघींनीही तो लावलाच होता. ‘नाराज होता’च्या जागी ‘ऊन होतं’ बसवणं हे वाचन नव्हे, तीही एक गोष्ट रचणंच. कागदावर मी उन्हाला ‘शक्यता’ म्हणून लिहायला हवं होतं, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

ठरलेली कृती

मुग्धाने ठरवलं, नकार थांबवायचा, होकार द्यायचा नाही आणि एकदा भेटायचं. मावशीला तिने फक्त एवढं सांगायला सांगितलं की “आम्हाला आणखी एकदा बोलायचं आहे.”

भेटीची मांडणी आम्ही बदलली. समोरासमोर बसणं टाळलं. टेबलाच्या पलीकडे माणूस असला की प्रत्येक क्षणी एकतर बघायचं किंवा न बघण्याचं कारण द्यायचं, अशी वेळ येते. चालताना दोघांची नजर रस्त्यावर असते, गप्प राहिलं तरी ते खटकत नाही. म्हणून गोदापार्कात संध्याकाळी फिरायला जायचं ठरलं, वर्दळीची जागा, अंधार पडायच्या आत परत. वेळ त्याला विचारून ठरवायची आणि ‘त्यानंतर कुठे जायचं आहे का’ हेही आधीच विचारायचं.

प्रश्नाचे शब्दही बसवले. “तुम्ही तेव्हा पाव कुस्करत होता, म्हणजे काहीतरी लपवताय” हे नको. कोणालाही आपलं अंग तपासलं जातंय हे कळलं की तो गोठतो. त्याऐवजी: “राहण्याबद्दल मी तीनदा विचारलं, तुम्ही ‘बघू’ म्हणालात. त्यामागे काही ठरायचं राहिलंय का? आत्ता सांगता येत नसेल तर तसं सांगा, चालेल.” यात शब्द पकडले आहेत, हालचाल नाही.

दुसरी भेट

मुग्धाने नंतर सांगितलं की पहिली पंधरा मिनिटं वाया गेली. ती त्याच्याकडे बघतच नव्हती, त्याला तपासत होती. आता कुठे बघितलं, आता खिशात हात का घातला. तो काय सांगत होता ते तिला नंतर आठवेना. हाही माझ्या कागदाचाच परिणाम होता, मी तिला यादी जास्त चांगली करायला शिकवलं होतं, बाजूला ठेवायला नाही. एका बाकावर बसल्यावर तिने मनाशी ठरवलं की आता फक्त ऐकायचं, आणि प्रश्न विचारला.

समीर बराच वेळ नदीकडे बघत राहिला. मग बोलला. आदल्या वर्षी अवकाळी पावसात बागेचं मोठं नुकसान झालं होतं. कर्ज आहे. भाऊ एकटा निभावू शकत नाही. दोन-तीन वर्षं आपल्याला नोकरी सोडून गावी राहावं लागेल अशी दाट शक्यता आहे. घरच्यांनी बजावून सांगितलं होतं, पहिल्याच भेटीत हे काढू नकोस, स्थळ हातचं जाईल. “मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं, म्हणून बघू म्हणत होतो,” असं तो म्हणाला.

आणि फोन? त्या रविवारी बागेत खुडा सुरू होता. व्यापाऱ्याची गाडी सकाळी येणार होती, भाऊ एकटाच होता, मजूर थांबलेले. आकाश भरून आलंय का हेही तो फोनवर बघत होता. पार्किंगकडे तो बघत होता तेही काही वेळा खरंच निघण्याच्या घाईने. ‘तिथून गावी जायला सोपं’ हा जो तपशील मी सोडून दिला होता, त्यात ही घाई आधीच सांगितलेली होती. फेब्रुवारीत दिंडोरीकडच्या बागायतदाराच्या मुलाला रविवारी सकाळी भेटायला बोलावलं, तर फोनकडे लक्ष असणारच, हे नाशिकमध्ये राहून मला सुचायला हवं होतं.

मग त्याने जे सांगितलं ते आम्हा दोघींनाही अनपेक्षित होतं. पहिल्या भेटीनंतर त्याने घरी कळवलं होतं, “मुलीचा होकार आहे.” कशावरून? “तुम्ही सगळा वेळ माझ्याकडे बघून हसत होता, प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. गावचं सांगितलं तेव्हासुद्धा.” मुग्धा म्हणाली, “मी बँकेत चिडलेल्या माणसालाही अशीच मान डोलावते.” त्याच टेबलावर, त्याच सव्वा तासात, त्याच्या कमी बघण्यातून तिने नकार वाचला आणि तिच्या जास्त बघण्यातून त्याने होकार.

अनोळखी माणसांच्या पहिल्या गप्पांवर 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांना दिसलं होतं की गप्पांनंतर बहुतेकांना वाटतं, समोरच्याला आपण फारसे आवडलो नाही, आणि प्रत्यक्षात त्याला ते जास्त आवडलेले असतात. मुग्धाची चूक या बाजूची. समीरची उलट बाजूची. सरासरीवरून एखाद्या माणसाचं काही ठरवता येत नाही ते यामुळेच.

निष्पत्ती

मुग्धाने चार दिवस विचार केला. माझ्याकडे एकदा येऊन गेली, घरी आईशी बोलली. तिची बँकेतली बढती पुढच्या वर्षी आहे आणि गावाहून रोज ये-जा जमणार नाही. तिने नकार दिला. तो मावशीमार्फत न देता तिने समीरला फोन करून स्वतः कारण सांगितलं. तो म्हणाला, हे कारण समजण्यासारखं आहे, आणि पुढच्या स्थळाला मी पहिल्याच भेटीत सांगणार.

निर्णय शेवटी रविवारी दुपारचाच राहिला, तर एवढा खटाटोप कशाला, असं तिच्या वडिलांनी मला विचारलं. मी त्यांना तिचे दोन्ही नकार शेजारी ठेवून दाखवले. पहिल्यात ‘मी त्याला आवडले नाही’ होतं आणि ते खरं नव्हतं. पुढच्या स्थळाला ती तेच मनात घेऊन गेली असती.

आज हे प्रकरण आलं तर

पहिली गोष्ट, मी यादी दोन्ही बाजूंची करवून घेईन. समोरच्याने काय केलं, आणि तू स्वतः काय करत होतीस, कॅमेऱ्याला तू कशी दिसली असतीस? मुग्धाची मान डोलावण्याची सवय माझ्यासमोरही सुरूच होती. ती मी पाहिली, पण विचारलं नाही.

दुसरी, भेटीआधी वेळ आणि ऋतू विचारेन. खुडा, परीक्षा, रात्रपाळी, घरात आजारपण. ज्याच्या डोक्यावर असं काही आहे त्याची नजर भेटीत पूर्ण नसणार. समीरला नुसतं “आज घाई आहे का?” विचारलं असतं, तर फोनची ओळ यादीत आलीच नसती. आणि समीरसारख्याने आल्याआल्या “बागेत गाडी यायची आहे, फोन बघावा लागेल” असं सांगितलं असतं, तर सात-आठ वेळा बघितलेला फोन तिला खुपला नसता.

तिसरी, दुसऱ्या भेटीआधी कागद माझ्याकडेच ठेवून घेईन. खुणा आठवायच्या त्या घरी गेल्यावर. माणूस समोर असताना एकच लक्षात ठेवायचं: कोणत्या विषयावर त्याचं बोलणं आटतं. तेवढं आपोआप लक्षात येतं, पाळत ठेवावी लागत नाही.

एक मर्यादा इथे लिहून ठेवते, कारण हे प्रकरण वाचून कोणी उलटा अर्थ काढू नये. अर्थ लावण्यात घाई नको, हे फक्त संदिग्ध हालचालींबद्दल आहे. समोरचा नको म्हटल्यावरही जवळ सरकतो, हात धरतो, वेटरवर खेकसतो, निघू देत नाही, तर त्या खुणा नव्हेत, ती वागणूक आहे. तिथे दुसरी बाजू शोधत बसायचं नाही, उठून घरी यायचं. आणि काही माणसांना तिरळेपणा असतो, कानाने कमी ऐकू येतं म्हणून ते ओठांकडे बघतात, किंवा स्वमग्नतेमुळे नजर भिडवणं त्यांना शारीरिकदृष्ट्या नकोसं होतं. त्यांच्या नजरेवरून रस किंवा आदर मोजायला गेलं तर हमखास चुकतं.

मुग्धा मार्गशीर्षात आणखी एका मुलाला भेटली. घरीच, पोह्यांच्या कार्यक्रमात. तो सगळा वेळ खाली मान घालून बसला होता. तिने मला फोन केला आणि पहिलं वाक्य असं होतं: “ताई, त्याचे आईवडील आणि माझे सगळे काका समोर होते, त्यामुळे नजरेचं मी काहीच लिहिलेलं नाही. गच्चीवर दहा मिनिटं बोललो. नोकरीबद्दल विचारलं तेव्हा तो मोकळं बोलला, बहिणीबद्दल विचारलं तेव्हा बोलणं आटलं. तिथे काय आहे ते विचारायला शनिवारी भेटतेय.”